दृश्यं हलवल्यानंतरची दुरुस्ती : पटकथेच्या कामाच्या नोंदी

३ जून

दिग्दर्शकांकडून नवा क्रम आला. अठ्ठावन्न दृश्यांपैकी हलवलेली तशी थोडीच आहेत. दृश्य ३१ आता १७ नंतर येईल, दृश्य १२ मागे जाऊन २४ नंतर येईल आणि ४४, ४५ यांची अदलाबदल होईल. लेखिकेने मजकुराला हात लावलेला नाही, फक्त दृश्यं उचलून नव्या जागी ठेवली आहेत. संदर्भ जुळवायचं काम माझ्याकडे आहे.

पहिली गोष्ट केली ती म्हणजे जुन्या क्रमाची प्रत बाजूला ठेवली आणि क्रमांक बदलायचे नाहीत असं ठरवलं. काम संपेपर्यंत ३१ ला ३१ च म्हणायचं, ते कुठेही बसलेलं असो. आत्ताच नवे क्रमांक दिले तर जुनं टिपण आणि नवं पान यांचा मेळ बसणार नाही, आणि मी दुरुस्त करायला बसलेली चूक स्वतःच नव्याने करून ठेवीन.

दुसरी गोष्ट म्हणजे सांधे मोजले. एक दृश्य उचलून दुसरीकडे ठेवलं की तीन सांधे बदलतात: जिथून काढलं तिथे मागचं आणि पुढचं दृश्य एकमेकांना भिडतं, आणि जिथे ठेवलं तिथे त्याच्या आधी एक नवा सांधा होतो, नंतर एक. शेजारशेजारच्या दोन दृश्यांची अदलाबदल केली तरी तीनच. म्हणून माझी यादी नऊ सांध्यांची आहे. ३१ मुळे १७–३१, ३१–१८ आणि ३०–३२. १२ मुळे ११–१३, २४–१२ आणि १२–२५. अदलाबदलीमुळे ४३–४५, ४५–४४ आणि ४४–४६.

४ जून

सकाळी पहिल्या पानापासून सरळ वाचत गेलो. चार तास गेले आणि दोनच चुका सापडल्या. कारण उघड आहे. मला गोष्ट पाठ आहे. ‘गेला’ असं वाचलं की कोण गेला हे पानाला विचारायच्या आधीच डोकं उत्तर देऊन मोकळं होतं. सर्वनाम तुटलंय हे कळायला ते आधी न कळावं लागतं, आणि मला सगळंच कळत होतं.

दुपारी पद्धत बदलली. एका सांध्याला दोन अर्धी पानं घ्यायची: मागच्या दृश्याचं शेवटचं अर्धं आणि पुढच्याचं पहिलं अर्धं. बाकी सगळं झाकायचं. मोठ्याने वाचायचं, आणि तो, ती, ते, त्यांनी, हे असं काही आलं की थांबून ‘कोण?’ किंवा ‘काय?’ असं विचारायचं. उत्तर समोरच्या दोन अर्ध्या पानांतूनच द्यायचं, गोष्टीच्या माहितीतून नाही. जे उत्तर येईल ते समासात लिहायचं, खरं उत्तर त्याच्या शेजारी, आणि दोन्ही जुळली नाहीत तिथे खूण.

शोध-सुविधेचा उपयोग होईल असं वाटलं होतं. ‘तो’ शोधला तर उघडतो, बसतो, तोंड, तोवर असे सगळे आले. आधी-नंतर मोकळी जागा देऊन शोधल्यावर यादी लहान झाली. पण खरी अडचण निराळी आहे, ती १७–३१ या सांध्यावर दिसली.

५ जून

आजचा पूर्ण दिवस एका सांध्यावर गेला. इथलं नीट लिहून ठेवतो, कारण बाकीच्या आठ सांध्यांवर जे झालं ते बहुतेक याचंच लहान रूप होतं.

दृश्य १७ मध्ये संध्याकाळी विनय आणि सुधीर यांचं भांडण होतं. शेवटची ओळ अशी आहे: ‘सुधीर काही न बोलता पिशवी उचलून निघून जातो.’ त्याला लागून आता दृश्य ३१ येतं. जुना मजकूर असा:

> आतील. नंदाची खोली. रात्र.
> नंदा फोनवर बोलत आहे. टेबलावर वही.
> नंदा : काल संध्याकाळी आला होता. बोलला काहीच नाही. नुसती ती वही ठेवली टेबलावर आणि गेला. (थांबून) नाही, अजून उघडली नाही.

फोनच्या पलीकडे मावशी आहे. जुन्या क्रमात याच्या आधी दृश्य ३० होतं, त्यात विनय येऊन वही ठेवून जाताना दिसायचा. त्यामुळे ‘आला होता’ म्हणजे विनय, यात शंकेला जागाच नव्हती. नव्या क्रमात? संध्याकाळ तीच, काही न बोलणं तेच, निघून जाणंही तेच. सगळं सुधीरला चपखल बसतं.

या दृश्याची एकही ओळ वाचताना कोणी अडखळणार नाही. वाक्य लोंबकळत असतं तर वाचणारा थांबला असता, विचारलं असतं, आणि चूक सापडली असती. इथे संदर्भ तुटून लगेच दुसऱ्या माणसाला चिकटला आहे. खात्री करायला पटकथा न वाचलेल्या एका सहकाऱ्याला १७ आणि ३१ एवढीच दोन दृश्यं दिली आणि वही कोणी आणून दिली ते विचारलं. ती लगेच म्हणाली, ‘सुधीरने.’ तिला शंकाही आली नाही.

नंदाच्या त्या बोलण्यात विनयसाठी एकही सर्वनाम नाही, हेही लक्षात घेण्यासारखं आहे. मराठीत कर्ता गाळून नुसतं ‘आला होता’ म्हणता येतं. पुरुष की बाई ते क्रियापद सांगतं, नाव कोणी सांगत नाही. म्हणजे ‘तो’ शोधून हे वाक्य कधीच सापडलं नसतं.

दुरुस्तीचा पहिला प्रयत्न म्हणून ‘विनय आला होता’ असं लिहिलं. अर्थ बसला, पण नंदा मावशीशी बोलताना भावाला नावाने संबोधत नाही. दृश्य ३ पासून ती त्याला दादा म्हणते. मग ‘दादा आला होता’ केलं आणि एका शब्दात काम झालं. संवादात नातं हेच नाव असतं, आणि सर्वनामाच्या जागी ते घातलं तर बोलणं कृत्रिम होत नाही.

पुढे ‘ती वही’. कुठली? प्रेक्षकाने वही पहिल्यांदा ३० मध्ये पाहिलेली असायची. आता ३१ आधी येतं म्हणजे ‘ती’ म्हणण्याजोगी वही अजून पडद्यावर आलेलीच नाही. दृश्य ९ मध्ये अप्पांचा रिकामा खण दिसतो आणि ‘हिशेबाची वही कुठे गेली?’ असं नंदा विचारते. तो धागा पकडून ‘अप्पांची वही’ केलं. याचा दुसरा परिणाम ३० मध्ये आहे. तिथे कृतीच्या ओळीत ‘विनयच्या हातात एक निळ्या पुठ्ठ्याची जुनी वही’ असं आहे. हा ‘एक’ पहिल्या भेटीचा आहे. पहिली भेट आता ३१ मध्ये, म्हणून वर्णन ३१ मध्ये नेलं आणि ३० मध्ये ‘तीच निळी वही’ ठेवलं.

राहिला ‘काल’. त्याची चौकशी उद्या.

६ जून

‘काल’ने दिवस खाल्ला, पण सगळ्यात महत्त्वाची चूक त्यातूनच हाती लागली.

काल, परवा, मघाशी, त्या दिवशी हे सगळे शब्द बोलणारा कोणत्या दिवशी उभा आहे यावर अवलंबून असतात. म्हणून प्रत्येक दृश्यासमोर कथेतला दिवस लिहिला. पानाचा क्रम वेगळा, कथेतल्या दिवसाचा क्रम वेगळा. दोन रकाने शेजारी ठेवल्याशिवाय हे दिसत नाही. १७ हे दिवस चौथा, संध्याकाळ. ३१ त्याच्या लगेच नंतर, म्हणून दिवस पाचवा, आणि दिग्दर्शकांशी बोलून रात्रीऐवजी सकाळ. आता ‘काल संध्याकाळी’ ठेवलं तर विनय एकाच वेळी सुधीरशी भांडतोही आहे आणि नंदाकडे वहीही ठेवतो आहे. दृश्य १५ मध्ये, दिवस तिसऱ्याच्या संध्याकाळी, तो ‘जाऊन येतो’ म्हणून घराबाहेर पडतो आणि कुठे जातो ते दाखवलेलं नाही. ती रिकामी जागा मिळाली. म्हणून ‘परवा संध्याकाळी’. परवा मागचाही असतो आणि पुढचाही, पण ‘आला होता’ असल्यामुळे घोळ नाही.

३१ आता असं आहे:

> आतील. नंदाची खोली. सकाळ.
> नंदा फोनवर बोलत आहे. टेबलावर निळ्या पुठ्ठ्याची जुनी वही.
> नंदा : परवा संध्याकाळी दादा आला होता. बोलला काहीच नाही. नुसती अप्पांची वही ठेवली टेबलावर आणि गेला. (थांबून) नाही, अजून उघडली नाही.

दिवसांचा रकाना भरत ३० पर्यंत आलो आणि थबकलो. दृश्य ३० पानावर जागचं हललेलं नाही. पण ३१ पुढे गेल्यामुळे ते आता आठवण म्हणून दिसणार आहे, आणि त्याचा कथेतला दिवस तिसरा झाला आहे. त्यात दाराशी उभा असलेला विनय जाता जाता एकच वाक्य बोलतो: ‘सुधीरशी भांडण झालं माझं.’ भांडण दिवस चौथ्याचं. विनय उद्याची गोष्ट आज सांगतो आहे.

शिवाय नंदा म्हणते ‘बोलला काहीच नाही’. तेव्हा ते वाक्य दोन्ही बाजूंनी खोटं पडलं. जुन्या क्रमात हे एवढं खुपत नव्हतं, कारण ३० पाहून प्रेक्षक समजून घेत होता की नंदा मावशीपासून काहीतरी लपवते आहे. लेखिकेला फोन केला. तिने वाक्य काढून टाकलं. विनय फक्त दाराच्या कडीवर हात ठेवून थांबतो. कपडेपटासाठीही टीप लिहिली की ३० मध्ये विनयच्या अंगावर १५ चाच शर्ट हवा.

हे वाक्य दृश्याच्या मध्यात होतं. माझ्या अर्ध्या पानांच्या पद्धतीत ते आलं नसतं. सांधे तपासून सर्वनामं सापडतात. माहिती कधी कोणाला कळली हे सांध्यावर दिसत नाही, त्यासाठी जुन्या आणि नव्या जागेच्या मधली सगळी दृश्यं, इथे १८ ते ३०, पुरती वाचावी लागतात. ती आज वाचली. ३० सोडून बाकी स्वच्छ.

८ जून

३०–३२ हा सांधा छोटा, पण अस्सल मराठी घोळ आहे. ३० संपतं ते जिना उतरणाऱ्या विनयवर. ३२ ची पहिली ओळ: ‘ती वही उघडते.’ पूर्वी ३१ नंदाच्या हातावर संपत असल्यामुळे ती म्हणजे नंदा. आता मध्ये नंदा नाही, म्हणून वाचताना ‘ती’ वहीला जाऊन चिकटते: ती वही, आपोआप उघडणारी. नंदाही स्त्रीलिंगी, वहीही स्त्रीलिंगी, क्रियापद दोघींना चालतं. ‘नंदा वही उघडते.’ झालं.

यावरून कृतीच्या ओळींसाठी एक नियम केला आणि सगळ्या अठ्ठावन्न दृश्यांना लावला: दृश्यात एखादं पात्र पहिल्यांदा काही करतं तिथे त्याचं नाव हवंच, मागच्या दृश्यात ते कितीही ठळक असलं तरी. चित्रीकरण पानांच्या क्रमाने होत नाही. नटाच्या हातात त्या दिवशी त्या दृश्याचीच पानं असतात, मागचं पान नसतं. म्हणून हा नियम दृश्यं हलवली नसती तरी योग्यच होता.

दृश्यांचे मथळेही याच फेरीत पाहिले. ‘तीच खोली’, ‘थोड्या वेळाने’, ‘त्याच वेळी’ अशी तीन ठिकाणं निघाली. मथळा कधी शेजाऱ्यावर टेकवून ठेवू नये. जागा आणि वेळ पूर्ण लिहिली.

९ जून

दृश्य १२ मध्ये मावशी आणि नंदा खोली आवरत आहेत. मावशी म्हणते, ‘त्यांनी सांगितलं होतं तसंच सगळं ठेवलंय.’ त्यांनी म्हणजे अप्पांनी. पण १२ आता २४ नंतर येतं, आणि २४ मध्ये वकील आणि त्यांचा कारकून दाराबाहेर पडताना दिसतात. ‘त्यांनी’ हा शब्द किती झाकतो पाहा: एक की अनेक, बाई की पुरुष, आदर की नुसतं अनेकवचन, काहीच कळत नाही. क्रियापदाकडूनही मदत नाही, कारण ‘सांगितलं’ कर्त्याप्रमाणे बदलत नाही. वकिलांच्या सांगण्यावरून खोली लावली, असाच अर्थ निघतो.

‘अप्पांनी’ लिहिणार होतो. लेखिकेने ‘तुझ्या अप्पांनी’ सुचवलं. मावशीच्या तोंडी तेच बसतं.

जिथून १२ काढलं तिथे मात्र माझ्याने दुरुस्ती झाली नाही. १३ ची सुरुवात विनयच्या प्रश्नाने होते: ‘हे तुला कोणी सांगितलं?’ हे म्हणजे १२ च्या शेवटी नंदाने सांगितलेलं, अप्पांची खोली भाड्याने द्यायचं ठरलं आहे ते. ११ संपतं सुधीरच्या वाक्यावर, ‘उद्या पाऊस येणार म्हणे.’ आता ‘हे’ त्याला जोडलं जातं. सरळ उपाय म्हणजे नाम घालणं: ‘खोली भाड्याने द्यायचं तुला कोणी सांगितलं?’ व्याकरण सुटतं. पण मग बातमी १३ मध्येच फुटते, आणि बारा दृश्यांनी १२ येईल तेव्हा तीत काही उरत नाही. ते दृश्य मागे नेलं ते बातमी उशिरा कळावी म्हणूनच.

अशा जागी भाषा दुरुस्त करणं म्हणजे रचना बिघडवणं. मी खूण करून लेखिकेकडे पाठवलं. संध्याकाळी तिने १३ चा पहिला प्रश्न आणि त्याचं उत्तर काढून दृश्य तिसऱ्या ओळीपासून सुरू केलं. तिथे विनय आधीच चिडलेला आहे, आणि का ते १२ आल्यावर कळतं. मला हे आधीपेक्षा चांगलं वाटतं.

१० जून

४४ आणि ४५. ४४ मध्ये विनय जुन्या घरात शिरतो, ४५ मध्ये सुधीर समोर गाडीत बसून पाळत ठेवतो. आता सुधीर आधी. ४४ ची सुरुवात: ‘दार ढकलतो. आत अंधार. चाचपडत दिवा लावतो.’ गाडीतल्या सुधीरनंतर हे वाचलं की तो गाडीचं दार ढकलून उतरला असं वाटतं. ‘दार’ हा शब्दही आपला मालक बदलतो. ‘विनय घराचं दार ढकलतो’ असं केलं.

४५ मध्ये ‘तो वर बघतो. खिडकीत दिवा.’ ‘तो’ला सुधीर केलं, पण दिवा अजून कोणी लावलेलाच नाही. दिग्दर्शकांना विचारलं तर म्हणाले, ‘अहो, मला तेच हवंय. आधी अंधारी खिडकी, मग ती उजळू दे.’ मग ‘खिडकीत अंधार’.

४५ मध्येच ‘पुन्हा गाडीत येऊन बसतो’ होतं, आधीचं उतरणं ४४ च्या शेवटी खिडकीतून दिसत असल्यामुळे. ‘पुन्हा’ काढला. मग अख्ख्या पटकथेत पुन्हा, परत, अजूनही, दुसरा, तोच, मघाचा हे शब्द एकेक करून पाहिले. त्यांना सर्वनाम कोणी म्हणत नाही, पण प्रत्येक शब्द मागे घडलेल्या कशाकडे तरी बोट दाखवतो.

११ जून

वाचन झालं, चार जण टेबलाभोवती. अर्थाचा घोळ एकही निघाला नाही, पण संवाद ऐकताना त्रास झाला. सांध्यांच्या भीतीने मी जिथे गरज नव्हती तिथेही नावं घातली होती. एकाच खोलीत समोरासमोर बसलेली दोन माणसं तिसऱ्याचं नाव दर वाक्यात घेत नाहीत. एकदा ओळख करून दिली की पुढे तो, त्याला, त्याचं, आणि मध्ये तिसरं पुरुष पात्र आलं की पुन्हा एकदा नाव. एवढं पुरतं. अकरा नावं काढून सर्वनामं परत ठेवली. कृतीच्या ओळींतली नावं तशीच राहू दिली, कारण त्या कोणी ऐकणार नाही.

एक जागा लेखिकेने राखून ठेवायला सांगितली. दृश्य २१ मध्ये नंदा म्हणते, ‘त्याला यातलं काही सांगू नकोस.’ दादा की सुधीर ते प्रेक्षकाला ३० पर्यंत कळू नये अशी तिची इच्छा आहे. समासात तसं लिहून ठेवलं: मुद्दाम मोकळं, दुरुस्त करू नये, खरा संदर्भ विनय. हे लिहिलं नाही तर पुढे कोणीतरी माझ्यासारखाच माणूस येऊन इथे नाव घालेल.

१२ जून

क्रमांक आज बदलले. वेळापत्रक अजून निघालेलं नाही म्हणून हे करता आलं. निघालं असतं तर जुनेच क्रमांक पाळावे लागले असते, काढलेल्या जागी ‘वगळले’ आणि नव्या जागी अक्षर जोडलेला क्रमांक. बदलल्यावर कपडेपट आणि सामानाच्या याद्यांत जिथे जिथे दृश्याचा आकडा होता तिथे जुना-नवा असा तक्ता लावून हाताने बदलला.

शेवटी, ज्या दृश्यांचे मथळे मी बदलले त्यांचा उल्लेख दुसरीकडे कुठे आहे का ते पाहत होतो. ‘फोन’ शोधला. जुनं ५२, एकदाही न हललेलं, कुठल्याही सांध्याजवळ नसलेलं. नंदा विनयला म्हणते, ‘त्या रात्री मावशीला फोनवर मी सगळं सांगितलं नाही.’ रात्र आता सकाळ आहे. ‘त्या सकाळी’ करून लेखिकेला दाखवलं. तिने दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं आणि वेळ पूर्ण काढून टाकली: ‘मावशीला फोनवर मी सगळं सांगितलं नव्हतं, दादा.’